गळकी गच्ची आणि करारनाम्याचा तर्जुमा

गच्चीची दुरुस्ती होऊन वर्ष लोटले, बिलाचा मोठा भाग चुकता झाला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात छताला पुन्हा ओल आली, म्हणजे गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांच्या कपाटातून करारनामा बाहेर निघतो. तो बहुधा दुहेरी असतो: वास्तुविशारदाने तयार केलेला मूळ इंग्रजी मसुदा, आणि सभासदांना व कंत्राटदाराच्या मुकादमाला समजावा म्हणून कोणीतरी केलेला त्याचा मराठी तर्जुमा. सभासद मराठी कलम वाचून म्हणतात की मुदत अजून संपलेली नाही. कंत्राटदार त्याच मराठी कागदातले दुसरे कलम दाखवून म्हणतो की माझी जबाबदारी केव्हाच सरली. आणि इंग्रजी मसुदा उघडून पाहावा तर तो या दोघांशीही सहमत नसतो. तर्जुम्यात एकही शब्द उघडपणे चुकलेला दिसत नाही, व्याकरण शुद्ध आहे, कोशातले प्रतिशब्द जागच्या जागी आहेत. मग जबाबदारी हलली कशी आणि कोठे?

बांधकामाच्या करारातील तीन गोष्टींभोवती हा घोटाळा विशेषेकरून होतो. काम चालू असताना त्यात केलेले फेरबदल, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि त्यानंतरची दोषदुरुस्तीची मुदत, या त्या तीन गोष्टी होत. त्या एकमेकींत साखळीसारख्या अडकलेल्या असतात: फेरबदलाने काम किती ते ठरते, दाखल्याने ते केव्हा संपले ते ठरते, आणि त्या तारखेपासून दोषांची मुदत मोजली जाते. म्हणून एका कडीत केलेली भाषेची चूक पुढच्या कडीवर जाऊन आपटते.

एक कल्पित इमारत

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पू. ठाण्यातील चोवीस बिऱ्हाडांच्या एका इमारतीने बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे जलरोधन यांसाठी ४० लाख रुपयांचा करार केला आहे. प्रत्येक कामाचे परिमाण आणि दर जोडपत्रात लिहिलेले आहेत. देयकांतून पाच टक्के, म्हणजे दोन लाख रुपये, संस्थेने राखून ठेवायचे. त्यांपैकी निम्मे पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबर आणि निम्मे दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर द्यायचे. ही मुदत बारा महिन्यांची आहे, आणि तिची लांबी सहेतुक आहे. कारण गच्चीच्या कामाची खरी परीक्षा पावसाळाच घेतो, आणि बारा महिन्यांत तो एकदा येऊन जातोच.

फेरबदल म्हणजे केवळ जादा काम नव्हे

काम सुरू होऊन गच्चीवरचा जुना कोबा उखडला, तेव्हा पाण्याच्या टाकीखालच्या स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या आढळल्या. वास्तुविशारदाने तेथे ४० चौरस मीटर दुरुस्ती वाढवली, आणि कठड्याचा जुना गिलावा पक्का निघाल्यामुळे तेथील नवा गिलावा रद्द केला. इंग्रजी करारात या दोन्ही हुकमांना ‘व्हेरिएशन’ हे एकच नाव आहे. जागेवरच्या बोलण्यात मात्र या शब्दाचा सरसकट अर्थ ‘जादा काम’ असा होतो, आणि तर्जुमा करणाराही सवयीने तोच लिहून जातो.

येथे पहिली जबाबदारी हलते. व्हेरिएशनमध्ये वाढ, घट आणि बदली, म्हणजे एका सामानाऐवजी दुसरे वापरणे, हे तिन्ही प्रकार येतात. ‘जादा काम सांगण्याचा अधिकार वास्तुविशारदास राहील’ असे लिहिले की काम कमी करण्याचा अधिकार कागदावरून नाहीसा झाला, आणि कठड्याचा गिलावा न करताही त्याचा मेहनताना मागायला कंत्राटदाराला जागा मिळाली. म्हणून ‘फेरबदल’ हा शब्द योजावा, आणि त्याची व्याख्या देताना वाढवणे, वगळणे व बदलणे ही तीन क्रियापदे निराळी लिहावीत.

यांतील ‘वगळणे’ या क्रियापदाचीही थोडी खबरदारी घ्यावी लागते. मराठीत आपण काम ‘वगळतो’ आणि काम ‘काढून घेतो’. इंग्रजी मसुद्यासमोर बसलेल्याला हे दोन्ही प्रयोग सारखेच वाटण्याचा संभव असतो. परंतु कंत्राटदाराकडून काम काढून घेतले म्हटल्यावर ते दुसऱ्याला देण्यासाठी काढून घेतले, अशी छटा मराठी वाचकाच्या मनात आपोआप उमटते. सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ सालच्या नमुना-करारात याच्या नेमका उलट निर्बंध आहे: फेरबदल म्हणून काम वगळता येते, पण तेच काम इतरांकडून करवून घ्यायचे असेल तर वगळता येत नाही. ज्या मूळ मसुद्यात असा निर्बंध आहे, त्याच्या तर्जुम्यात ‘काढून घेणे’ हा प्रयोग आला तर कंत्राटदाराचे संरक्षण एका क्रियापदाच्या छटेने दुबळे होते.

‘जर’ आणि ‘शिवाय’

फेरबदलाच्या कलमात दुसरा सापळा असतो तो लेखी हुकमाचा. मूळ वाक्याचा आशय असा असतो की वास्तुविशारदाच्या लेखी हुकमाशिवाय कोणताही फेरबदल करू नये. वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात त्याचे पुष्कळदा ‘वास्तुविशारदाने लेखी हुकूम दिल्यास कंत्राटदाराने फेरबदल करावा’ असे रूप होते. दोन्ही वाक्ये वरवर एकच सांगतात; पण पहिले वाक्य दाराला कुलूप घालते, आणि दुसरे फक्त दार कोणत्या किल्लीने उघडते ते सांगते, दुसऱ्या किल्लीने उघडू नये असे म्हणत नाही. एखाद्या सभासदाने गच्चीवर उभे राहून ‘एवढा कोपराही घेऊन टाका’ असे तोंडी सांगितले आणि कंत्राटदाराने तो घेतला, तर दुसऱ्या वाक्याखाली त्याला पैसे मागता येतील की नाही यावर वाद घालता येतो. पहिल्याखाली त्याची मागणी आरंभीच अडखळते. म्हणून नकारार्थी वाक्याचा तर्जुमा नकारार्थीच राहू द्यावा.

क्रियापदाच्या शेपटीतली जबाबदारी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. संज्ञांचे प्रतिशब्द शोधण्यात तर्जुमाकाराचा सारा वेळ जातो. पण करारात कर्तव्य राहते ते क्रियापदाच्या शेपटीत. इंग्रजी करारात ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘मे’ म्हणजे मुभा, अशी ठोक विभागणी असते. मराठीत मात्र ‘कंत्राटदार दुरुस्त करील’ हे भविष्यकथन वाटते, ‘कंत्राटदाराने दुरुस्त करावे’ ही विनंती किंवा शिफारस वाटू शकते, आणि ‘दुरुस्त करणे कंत्राटदारावर बंधनकारक राहील’ हेच काय ते निःसंदिग्ध बंधन ठरते. कायद्यांच्या मराठी पाठांत ‘करील’ हे रूप बंधनासाठी आणि ‘करता येईल’ हे रूप मुभेसाठी रूढ आहे. परंतु करारनामा वाचणारा मुकादम हा संकेत जाणून बसलेला नसतो. तेव्हा रूप कोणतेही निवडा, पण ‘शॅल’साठी साऱ्या करारनाम्यात एकच रूप ठेवा. पाचव्या कलमात ‘करील’, नवव्यात ‘करावे’ आणि बाराव्यात ‘बंधनकारक राहील’ असे लालित्यासाठी बदलत गेल्यास, पुढे कोणीही वकील असे म्हणू शकतो की तीन निरनिराळी रूपे वापरली त्या अर्थी बंधनाच्या तीन पायऱ्या अभिप्रेत होत्या.

याहून फसवा असतो तो कर्मणी प्रयोग. इंग्रजी वाक्याच्या शेवटी ‘कंत्राटदाराकडून, त्याच्या स्वतःच्या खर्चाने’ असे शब्द असतात. मराठीत वाक्य लांबले की हे शेपूट गळते आणि ‘सदर दोष तत्काळ दुरुस्त केले जातील’ एवढे गुळगुळीत वाक्य उरते. कोण करील आणि खर्च कोणाचा, हे दोन्ही प्रश्न त्यात विरघळून गेलेले असतात. उलट बाजूने, जोर देण्यासाठी ‘कंत्राटदारानेच’ असा एक ‘च’ वाढवला की पोटकंत्राटदाराकडून काम करून घेण्याची मूळ करारातली मोकळीक धोक्यात येते. एका अक्षराने इतके होते.

‘व्हर्च्युअल’ म्हणजे आभासी नव्हे

आपल्याकडील वास्तुविशारदांच्या करारांत ‘व्हर्च्युअल कम्प्लीशन’ असा एक शब्दप्रयोग फार दिवसांपासून रूढ आहे. संगणकाच्या काळात वाढलेल्या तर्जुमाकाराच्या लेखणीतून त्याचे ‘आभासी पूर्तता’ असे रूप उतरण्याची फार भीती असते, आणि वाचणाऱ्यास वाटते की काम झाल्याचा नुसता देखावा केला आहे. मूळ अर्थ अगदी निराळा आहे: काम व्यवहारतः पूर्ण झाले, इमारत ज्या उपयोगासाठी आहे तो उपयोग आता करता येतो, आणि उरले आहेत ते किरकोळ तपशील. लग्नाचा मांडव उभा राहून पंगत बसू शकते, एखाद्या खांबाला तोरण बांधायचे राहिले आहे, अशी ती अवस्था. तिला ‘व्यवहारतः पूर्णत्व’ म्हणावे, आणि दाखल्याला ‘व्यवहारतः पूर्णत्वाचा दाखला’.

येथे आणखी दोन कागदांशी गल्लत होते. इमारत नवी असेल तर नगरपालिका वा महानगरपालिका देते तो पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे सरकारी कागद आहेत. ते इमारत मंजूर नकाशाबरहुकूम आहे की नाही आणि तिच्यात राहता येईल की नाही एवढेच पाहतात, कंत्राटदाराने गिलावा कसा केला याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. आणि सगळे संपल्यावरचा शेवटचा हिशेबाचा दाखला, तो निराळाच. तर्जुम्यात या सर्वांना ‘पूर्णत्वाचा दाखला’ हे एकच नाव दिले की दोषांची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची हे अनिश्चित होते.

आपल्या उदाहरणात वास्तुविशारदाने व्यवहारतः पूर्णत्वाचा दाखला १० जानेवारी २०२३ रोजी दिला. जिन्याच्या भिंतीचा शेवटचा हात आणि पावसाच्या पाण्याच्या दोन नळांच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या १५ मार्चला झाल्या. मूळ करारानुसार मुदत १० जानेवारीच्या दाखल्यापासून मोजायची, म्हणजे ती १० जानेवारी २०२४ रोजी संपते. मराठी कागदात मात्र ‘काम संपूर्ण झाल्यापासून बारा महिने’ असे आहे. त्याप्रमाणे ती १५ मार्च २०२४ पर्यंत चालते. एका ‘संपूर्ण’ने कंत्राटदाराच्या माथी नऊ आठवड्यांहून अधिक काळ चढवला, आणि त्याचे राखून ठेवलेले एक लाख रुपयेही तेवढा काळ अडकवले.

दोषांची मुदत: तिचे नाव आणि तिचे काम

‘डिफेक्ट्स लायबिलिटी पीरियड’ याला सरकारी मराठीत ‘दोष दायित्व कालावधी’ म्हणतात. शब्दशः हे बरोबर आहे, पण त्यातून असा ग्रह होतो की कालावधी संपला म्हणजे दायित्व संपले. वस्तुतः या मुदतीचे काम इतकेच की तिच्यात दिसून आलेले दोष कंत्राटदाराने स्वतः परत येऊन, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचे. हे त्याचे कर्तव्य जितके, तितकाच त्याचा हक्कही असतो. कारण त्याचे गवंडी आणि त्याचे सामान घेऊन ती दुरुस्ती त्याला स्वस्तात पडते. मुदत सरल्यावर परत येण्याचे कर्तव्य सरते. परंतु कामच मुळात करारानुसार केले नव्हते असे सिद्ध झाल्यास करारभंगाचा दावा १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, सामान्यतः करारभंगापासून तीन वर्षांपर्यंत, लावता येतो, जर करारात निराळे काही लिहिलेले नसेल तर. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९९ साली असे ठरवले की मालकाने मुदतीत दोष कळवले नाहीत म्हणून त्याचा दावा बुडत नाही. मात्र कंत्राटदाराला स्वतः दुरुस्ती करायला जितका खर्च आला असता त्याहून अधिक त्याला मागता येत नाही. हक्क हिरावला तर त्याची किंमत वजा होते, असा तो हिशेब आहे.

नावाने होणारा हा घोटाळा केवळ मराठीचा नव्हे. फिडिकच्या जुन्या नमुन्यात या मुदतीला ‘देखभालीची मुदत’ असे नाव होते. त्यावरून वाटे की कंत्राटदाराने इमारतीची निगा राखायची. १९८७ च्या आवृत्तीत ती ‘दोष दायित्वाची मुदत’ झाली, आणि १९९९ साली ‘दोष कळवण्याची मुदत’. मूळ भाषेतच ज्या नावाने दोन वेळा वेष बदलला, त्याचा मराठी प्रतिशब्द निवडताना सावध राहणे प्राप्त आहे. ‘हमीची मुदत’ म्हटले तर नेहमीची झीजही कंत्राटदाराच्या गळ्यात पडते. ‘देखभाल’ म्हटले तर गच्ची झाडण्यापर्यंत मजल जाते. ‘दोषदुरुस्तीची मुदत’ हे नाव मला सर्वांत कमी फसवे वाटते. शिवाय स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यात, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेल्या संरचनेच्या व कारागिरीच्या दोषांची जी जबाबदारी आहे ती सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकाची. दुरुस्तीच्या कंत्राटदाराच्या करारात त्याच शब्दांची उसनवारी केली की सभासद बारा महिन्यांच्या जागी पाच वर्षांची अपेक्षा धरून बसतात.

याच कलमात ‘मेक गुड’ असा प्रयोग येतो. कोशात त्यापुढे ‘भरपाई करणे’ असे आढळते, आणि ते जसेच्या तसे उतरवले की परत येऊन काम करण्याच्या कर्तव्याचे रूपांतर पैसे देण्याच्या कर्तव्यात होते. कंत्राटदार चार हजार रुपये टेकवून मोकळा होऊ पाहील, किंवा संस्था दुसऱ्याकडून महागडे काम करून घेऊन त्याचे बिल त्याला पाठवील. दोन्हीही मूळ करारात नाही. ‘दुरुस्त करून पूर्ववत देणे’ एवढेच तेथे हवे.

‘दिसलेले’ की ‘कळवलेले’

आता गळणाऱ्या छताकडे परत येऊ. ओल प्रथम जुलै २०२३ मध्ये दिसली; त्या दिवसाचे छायाचित्र सभासदाकडे आहे. चिटणिसांनी मुकादमाला तोंडी सांगितले, आणि वास्तुविशारदाचे लेखी पत्र गेले ते २० जानेवारी २०२४ रोजी. मूळ कलमाप्रमाणे मुदतीत ‘दिसून आलेले’ दोष दुरुस्त करायचे आहेत, आणि त्यांची यादी मुदत संपल्यापासून १४ दिवसांपर्यंत देता येते. मराठी कागदात ‘मुदतीत कळवलेले दोष’ असे आहे.

कंत्राटदार या ‘कळवलेले’वर बोट ठेवून नाकारतो. संस्था ‘संपूर्ण’वर बोट ठेवून म्हणते की मुदत मार्चपर्यंत आहे. मूळ करार दोघांनाही चुकीचे ठरवतो: मुदत १० जानेवारीसच संपली, हे कंत्राटदाराचे खरे, पण दोष तिच्या आत दिसला आणि यादी चौदा दिवसांच्या आत गेली, म्हणून दुरुस्ती त्याच्याच खर्चाने, हे संस्थेचे खरे. याउलट जिन्याच्या भिंतीला ५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिसलेली भेग मराठी कागदाप्रमाणे मुदतीत येते आणि मूळ कराराप्रमाणे येत नाही. तेथे संस्थेला काम निकृष्ट होते हे सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता धरावा लागेल.

करारात बहुधा एक कलम असते की दोन भाषांत विसंगती आढळल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानावा. ते तर्जुम्यातही ठळकपणे असावे. परंतु त्यावर विसंबून राहू नये, कारण कोर्टात प्रमाण असलेला पाठ गच्चीवर कोणी वाचत नसतो, आणि पत्र केव्हा पाठवायचे हे चिटणिसांनी मराठी कागद पाहूनच ठरवलेले असते.

तर्जुमा तपासण्याची रीत

तर्जुमा पुरा झाल्यावर त्याचे पुन्हा इंग्रजी करवून मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. पण उलटा तर्जुमा करणारा जाणता असला की तो चूक नकळत सावरून घेतो. त्यापेक्षा प्रसंगांची परीक्षा घ्यावी. वर आले तसे चार-पाच प्रसंग, म्हणजे तोंडी सांगितलेला कोपरा, रद्द केलेला कठड्याचा गिलावा, जुलैतील ओल आणि फेब्रुवारीतील भेग, तारखांसह कागदावर लिहावेत. एका माणसाला फक्त इंग्रजी करार आणि दुसऱ्याला फक्त मराठी करार देऊन प्रत्येक प्रसंगी कोणी काय करायचे, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारावे. जेथे उत्तरे निराळी येतील तेथे जबाबदारी हललेली आहे असे समजून त्या वाक्याकडे परत जावे. आपल्या उदाहरणात ही परीक्षा करारावर सह्या होण्यापूर्वी घेतली असती, तर ‘संपूर्ण’ आणि ‘कळवलेले’ हे दोन शब्द अर्ध्या तासात उघडे पडले असते.

थोडक्यात

- फेरबदल: वाढवणे, वगळणे, बदलणे ही तिन्ही क्रियापदे लिहावीत, ‘जादा काम’ किंवा ‘काढून घेणे’ नको.
- लेखी हुकूम: ‘हुकमाशिवाय करू नये’ हे ‘हुकूम दिल्यास करावे’ असे होऊ देऊ नये.
- बंधन: ‘शॅल’साठी करारभर एकच रूप, कोणी करायचे आणि कोणाच्या खर्चाने, हे वाक्यातून गळू देऊ नये.
- दाखला: ‘व्यवहारतः पूर्णत्व’, सरकारी पूर्णत्व आणि शेवटचा हिशेब यांना तीन निरनिराळी नावे.
- मुदत: कोणत्या तारखेपासून, आणि दोष ‘दिसलेला’ की ‘कळवलेला’, हे मुळाप्रमाणे.
- दुरुस्ती: ‘मेक गुड’ म्हणजे दुरुस्त करून देणे, भरपाई नव्हे.